आईची मूठ आणि आठशे पाकिटं

आमच्या आईच्या चकलीच्या भाजणीचं प्रमाण घरात सगळ्यांना पाठ आहे. किलोभर तांदूळ, अर्धा किलो हरभराडाळ, पाव किलो मूगडाळ, अदपाव उडीदडाळ, थोडे पोहे, मूठभर गहू, मूठभर धने आणि त्याच्या निम्मे जिरे. इतकी वर्षं हे प्रमाण पुरेसं होतं. ते अपुरं पडलं त्या दिवशी मी साताऱ्याला माहेरीच होते. माझ्या वहिनीला पुण्यातल्या एका कंपनीनं दिवाळीसाठी चकलीच्या आठशे पाकिटांची ऑर्डर दिली होती. पाकीट पाव किलोचं, म्हणजे एकूण दोनशे किलो चकली. त्याआधीची तिची सर्वांत मोठी ऑर्डर अकरा किलोंची होती.

वहिनीनं त्याच दुपारी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि आईला म्हणाली, "आई, तुमची मूठ द्या जरा." आईनं डब्यात हात घालून धने काढले आणि काट्यावर सोडले. भरले ४१ ग्रॅम. वहिनीनं पुन्हा घ्यायला लावले, तेव्हा ३६. तिसऱ्यांदा ४३. आई ओशाळली आणि म्हणाली, "अगं, धने कसे आहेत ते बघून मूठ घट्ट होते की सैल होते. जुने असले की जरा जास्त घालायचे." वहिनीनं हे वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं आणि पुढे ४० ग्रॅम असा आकडा टाकला.

घरगुती पाककृतीचा धंदा होतो तो या काट्यावर. घरी एखाद्या वर्षी चकली थोडी तिखट झाली तरी लोक कौतुकानंच खातात. पाकीट विकत घेणारा मात्र दुसरं पाकीट पहिल्यासारखंच लागेल या भरवशावर घेतो, आणि छत्तीस ग्रॅम धने घातलेली भाजणी त्रेचाळीस ग्रॅम घातलेल्या भाजणीसारखी लागत नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं, तेव्हाही पुढे हाच प्रश्न आला असणार. त्यांनी काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. पीठ एका ठिकाणी मळायचं आणि बायकांनी ते घरी नेऊन पापड लाटायचे. लाटणारे हात हजारो झाले तरी चव ठरते ती पिठाच्या जागी. वहिनीनंही तेच ठरवलं. चकल्या पाडायला आणि तळायला चार बायका येतील, पण भाजणी एकाच हातानं, एकाच काट्यावर व्हायची.

मग किती करायचं याचा हिशेब सुरू झाला. किलोभर भाजणीच्या पिठाची चकली किलोपेक्षा जास्त भरते, कारण चकली तळताना पिठातलं पाणी जातं आणि त्याच्या जागी तेल येतं. वहिनीच्या आधीच्या नोंदींप्रमाणे एक किलो पिठामागे साधारण एक किलो साडेतीनशे ग्रॅम चकली मिळत होती. तुटकी आणि करपलेली धरून दोनशे किलोंसाठी २१७ किलो तरी तळायला हवी होती, म्हणजे १६० किलो भाजणी. आईच्या प्रमाणाची एक खेप दोन किलोंच्या थोडी वर होते. तशा पंच्याहत्तर खेपा.

आकडे ऐकून आई गप्प झाली. मला मात्र खरी धडकी पुढच्या आकड्यानं भरवली. घरच्या कढईत एका वेळी आठ चकल्या मावतात. पंधरा ग्रॅमची एक चकली धरली तर एका घाण्यात १२० ग्रॅम, आणि घाण्याला सात मिनिटं. तासाला एक किलो. दोनशे किलोंना दोनशे तास. मुदत होती दोन आठवड्यांची.

किंमत ठरवताना वहिनीची पहिली चूक झाली, आणि ती मी घरोघरी पाहिली आहे. तिनं किराण्याचे पैसे जोडले. पीठ, तेल, तीळ, तिखट, हिंग. किलोला सुमारे १३० रुपये आले. त्यावर थोडे चढवून ती पाकिटाला साठ रुपये सांगायला निघाली होती. मी हिशेबाच्या कामात आयुष्य घालवलं आहे, म्हणून तिला थांबवलं. गॅस कुठे आहे? बायकांची मजुरी? पाकीट, लेबल, खोकं? तुटलेल्या चकलीचे पैसे कोण देणार? रोज बदलावं लागणारं तेल? टेम्पो? आणि पहाटे चारला उठून तू स्वतः जे करणार आहेस, ते? "माझं कसलं गं," ती म्हणाली. मी तिची मजुरी इतर बायकांइतकीच धरली. सगळं मिळून किलोचा खर्च अडीचशेच्या पुढे गेला. साठ रुपयांना पाकीट दिलं असतं तर दोनशे किलो चकली तोट्यात विकली गेली असती. शेवटी ८८ रुपये ठरले.

पैसे कधी मिळणार हेही तिनं विचारलं आणि लेखी घेतलं. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली माल पोचल्यावर तीस दिवसांत. तिनं उद्यम नोंदणी आधीच केली होती. ती फुकट होते. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा उद्योगाला पैसे देण्याची मुदत करारानंही पंचेचाळीस दिवसांपुढे नेता येत नाही, आणि करारच नसेल तर पंधरा दिवसांत द्यावे लागतात. मोठ्या ऑर्डरमध्ये बुडतात ते बहुतेक माल न खपल्यामुळे नाही. किराणा रोखीनं घ्यावा लागतो आणि बिल उधारीवर राहतं, त्यात बुडतात.

लेबल करताना घरात थोडा तंटाच झाला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वहिनीकडे होती. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्याला तेव्हा शंभर रुपयांत ती मिळत होती, आणि तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. शाकाहाराचा हिरवा ठिपका, वजन, किंमत, बॅच क्रमांक, तारीख, पत्ता हे सगळं सरळ होतं. घटकांच्या यादीशी आई अडली. वहिनीनं आधी 'भाजणी, तेल, तीळ, मीठ, मसाले' असं लिहिलं होतं. ते चालत नाही. भाजणी हा स्वतःच मिश्र पदार्थ असल्यामुळे तिच्यात काय काय आहे ते वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावं लागतं. आईच्या भाजणीतला मूठभर गहू हे आमच्या घरातलं गुपित. चकली तुटत नाही ती त्यामुळे, असं तिचं म्हणणं. तिनं ते माझ्या मावशीलासुद्धा सांगितलेलं नाही. पण गव्हात ग्लूटेन असतं, ते काही लोकांना बाधतं, म्हणून 'यात गहू आहे' असं वेगळं छापणं बंधनकारक आहे. आई दोन दिवस नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कुणाच्या लेकराला त्रास होणार असेल तर लिही बाई." आईच्या अनेक गोष्टींचा मला अभिमान आहे, त्यात आता ही एक आहे.

भाजणी भाजायला साडेतीन दिवस गेले. तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले, प्रत्येक डाळ वेगळी, एका वेळी तीन किलोंच्या वर काही कढईत घालायचं नाही. एकत्र भाजलं तर मूगडाळ करपते आणि हरभराडाळ आतून कच्ची राहते, कारण दोन्हींच्या दाण्यांची जाडी वेगळी. भाजणी कमी भाजली गेली तर चकली चिवट होते. जास्त भाजली तर पिठाचा चिकटपणा जातो आणि सोऱ्यातून चकली पडताना तुकडे पडतात. नेमकं कधी थांबायचं, हे आई वासावरून सांगते. कच्चट वास जाऊन खमंग वास यायला लागला की अजून मिनिटभर. हे मिनिट काट्यावर येत नाही, म्हणून त्या साडेतीन दिवसांत आई स्वतः कढईपाशी खुर्ची टाकून बसली होती.

गिरणीत एक गोष्ट सांभाळावी लागली. एवढं पीठ सलग दळलं की जातं तापतं आणि पीठ चांगलंच गरम बाहेर येतं. ते तसंच डब्यात भरून झाकण लावलं तर झाकणाला आतून पाणी सुटतं, आणि दोन दिवसांत पिठाला कुबट वास येतो. म्हणून अंगणाकडच्या खोलीत स्वच्छ चादरी अंथरून पीठ पसरलं. रात्री पंखा लावून ठेवला आणि सकाळी डब्यात भरलं.

तळणीसाठी वहिनीनं एका आचाऱ्याकडून दोन मोठ्या कढया आणि शेगड्या भाड्यानं आणल्या. एका कढईत पंचवीस चकल्या सहज मावत. हिशेब सोपा झाला. दोन कढया, आठ-नऊ तास, दिवसाला पन्नासेक किलो. उकड मात्र तिनं दोन किलोंचीच ठेवली. गरम पाण्यात कडकडीत मोहन, तीळ, तिखट, हळद, ओवा, मीठ, त्यात पीठ, आणि झाकण. किलोला सव्वाशे ग्रॅम मोहन. त्याहून जास्त झालं तर चकली तेलात पडल्यावर सुटून विरघळायला लागते, कमी झालं तर दाताला लागते. एकदम दहा किलो मळून ठेवलं असतं तर शेवटचं पीठ उघड्यावर सुकून गेलं असतं आणि त्याची चकली पहिल्या चकलीसारखी झाली नसती.

पहिल्या दिवशी, तळणी बसता बसता, छत्तीस किलो चकल्या झाल्या. रंग सुंदर, काटे उठून दिसत होते. संध्याकाळी सगळ्यांनी चहाबरोबर खाल्ल्या, कुरकुरीत होत्या. त्या रात्री बायका अगदी आनंदात घरी गेल्या.

वहिनीची एक सवय आहे. प्रत्येक दिवसाच्या मालातली चार पाकिटं ती तारीख टाकून बाजूला ठेवते आणि ठरल्या दिवशी फोडून बघते. पाकिटावर 'तीस दिवसांच्या आत खावे' असं ती छापते, ते याच पाकिटांच्या आधारावर. तिच्या आधीच्या नोंदींत साधारण चाळिसाव्या दिवसापासून तेलाचा खवट वास यायला सुरुवात होत होती, म्हणून तिनं दहा दिवस हातचे राखून तीस लिहिले. या वेळी तिला धीर निघेना, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळीच पहिल्या दिवसाचं एक पाकीट फोडलं. चकली हातात घेतली, मोडली. आवाज आला नाही.

तिनं दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. काही चकल्या कडक होत्या, काही मऊ. मला वाटलं पाकिटाला हवा लागली. परतीचा पाऊस त्या आठवड्यात रोज पडत होता. वहिनीनं चौथं पाकीट बादलीत पाण्याखाली धरून दाबलं, एकही बुडबुडा निघाला नाही. सील पक्कं होतं. पाकीटही आतून चंदेरी थर असलेलं होतं, साध्या पारदर्शक पिशवीसारखं हवेतला दमटपणा आत घेणारं नव्हतं. दमटपणा आतच होता.

आईनं एक मऊ चकली घेऊन तिचं वेढं मधोमध तोडलं आणि उजेडात धरलं. बाहेरून तांबूस, पण गाभ्यात फिकट, पिठूळ ठिपका. "आत कच्ची राहिलीय," ती म्हणाली. "तेल थंड पडलं असणार."

तसंच झालं होतं. घरच्या कढईत आठ चकल्या पडल्या की तेल थोडं निवतं आणि लगेच सावरतं. मोठ्या कढईत पंचवीस गार चकल्या एकदम पडल्या की तापमान खूप उतरतं आणि शेगडीला ते वर आणायला वेळ लागतो. मग बाई काय करते? आच वाढवते. शेवटच्या दोन मिनिटांत तेल जोरात तापतं, बाहेरून रंग झरझर येतो, आणि रंग आला म्हणून चकली काढली जाते. आत पाणी उरलेलं असतं. गरम असताना ते कळत नाही, कारण बाहेरचं कवच कुरकुरीत असतं. बंद पाकिटात दोन दिवस गेले की गाभ्यातलं पाणी हळूहळू बाहेरच्या थरापर्यंत झिरपतं, आणि सगळी चकली मऊ होते. थंड तेलात तळलेली चकली तेलही जास्त पिते, म्हणून ती हाताला तेलकट लागत होती, हेही मग आमच्या लक्षात आलं. चकली तळून झाली हे रंगावरून ठरवायचं नसतं. तिच्याभोवतीचे बुडबुडे बसले की ती झाली, कारण ते बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी वाफच असते. आईला हे माहीत होतं. आईनं ते सांगितलं नव्हतं, कारण घरच्या कढईत ते कधी सांगावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसाचा मालही मग तपासला. त्या दिवशी योगायोगानं पावसात शेगडी आत घेतली होती, ती लहान होती म्हणून बायका कमी चकल्या सोडत होत्या. तो माल चांगला निघाला. पहिल्या दिवसाचे छत्तीस किलो तेवढे गेले.

त्या सकाळी घरात काय काय सुचवलं गेलं ते मला आठवतं. माझा भाऊ म्हणाला, सगळ्या चकल्या खराब नाहीत, निवडून घेऊ. कुणी म्हणालं, पुन्हा मंद आचेवर परतून घेऊ. दोन्ही करता आलं असतं. मऊ पडलेली चकली भट्टीत हलकी तापवली तर कुरकुरीत होतेही. पण छत्तीस किलोंतली कोणती चकली आत कच्ची आहे हे बाहेरून सांगता येत नव्हतं, आणि एकदा जास्त तेल प्यायलेली चकली तीस दिवस टिकेल याची नोंद वहीत कुठेच नव्हती. वहिनी बराच वेळ बोलली नाही. मग तिनं ते डबे उचलून बाजूच्या खोलीत नेले. सात हजारांच्या वर पैसे त्या डब्यांत होते, आणि या ऑर्डरमधून तिला जेमतेम एकोणीस हजार सुटणार होते. ती रडली नाही. मलाच रडू आवरेना.

त्या दुपारी तिनं दीडशे-दोनशे अंश दाखवणारा तळणीचा थर्मामीटर आणला. नियम केला की तेल १७५ अंशांना आल्याशिवाय घाणा सोडायचा नाही आणि एका घाण्यात सोळाच चकल्या. बुडबुडे बसेपर्यंत चकली काढायची नाही, रंग कितीही चांगला दिसू दे. आता एका कढईतून तासाला पावणेदोन किलोच निघणार होतं, म्हणून तिसरी कढई भाड्यानं आली. रोज संध्याकाळी तेल गाळून खालचा करपलेला चुरा काढायचा आणि तिसऱ्या दिवशी तेल पूर्ण बदलायचं, असंही ठरलं. जुन्या तेलावर नवं तेल ओतत राहायची पद्धत तिनं बंद केली. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात जे घटक साठतात त्यांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायला २०१८ पासून बंदी आहे. ते मोजायचं यंत्र वहिनीकडे नव्हतं. पण तेल काळपट दिसायला लागलं, घट्ट झालं, वर फेस धरायला लागला की पुढे थांबायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

पाकिटं भरायची वेळही बदलली. आधी तळून तासाभरात भरत होते. कोमट चकली पाकिटात गेली की तिची वाफ आतच थंड होते आणि पाणी बनून बसते. आता जाळीच्या ट्रेवर एकाच थरात पसरून पूर्ण गार होईपर्यंत थांबायचं, हाताच्या उलट्या बाजूला गारवा लागला की मग भरायचं.

हातात राखून ठेवलेले दोन दिवस असे गेले. पुढचे पाच दिवस पहाटे साडेचारपासून रात्री आठपर्यंत आमचं घर तेलाच्या वासात होतं. मी लेबलं चिकटवली, भावानं खोकी बांधली. आई प्रत्येक दिवशीच्या पहिल्या घाण्यातली एक चकली मोडून उजेडात धरायची आणि मान हलवली की मगच पुढचा घाणा पडायचा. धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी टेम्पो पुण्याला निघाला. मऊ पडलेल्या छत्तीस किलोंपैकी निम्म्या चकल्या आम्ही घरीच भट्टीत तापवून खाल्ल्या, निम्म्या बायकांनी स्वतःच्या हौसेनं घरी नेल्या.

उरलेली रक्कम सत्ताविसाव्या दिवशी आली. तिसाव्या दिवशी वहिनीनं शेवटच्या दिवसाच्या मालातलं एक राखीव पाकीट फोडलं. मी फोनवर होते, तिनं मोबाइल चकलीजवळ नेला आणि मोडली. आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग आईनं एक तुकडा तोंडात टाकल्याचं कळलं, कारण क्षणभर कुणीच बोललं नाही.

"धने कमी लागतायत," आई म्हणाली. "या वेळचे जुने होते. मूठ घट्ट घ्यायला हवी होती."

"किती घट्ट, आई?" वहिनी विचारत होती, आणि काटा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.